जागेची पाहणी दुपारी दोनला

पायाला भिंगरी असलेली माणसं पुष्कळ असतात. हिच्या जिवालाच भिंगरी होती. घरातून निघताना गॅस बंद आहे ना हे ती एकदा बघायची, दाराबाहेर पडून चप्पल काढून पुन्हा आत येऊन बघायची, आणि कोपऱ्यावर पोचली की वहिनीला फोन करून तिसऱ्यांदा बघायला लावायची. वहिनी त्याच गॅसवर दूध तापवत उभी असायची. "बंद आहे हो," म्हणायची, आणि दुधावर लक्ष ठेवायची. दुसरं काय करणार?

दादा तिला भिंगरीच म्हणायचा. लहानपणापासून. आई लवकर गेली, वडिलांचं घरात लक्ष नव्हतं, तेव्हा हिला वाढवली ती या थोरल्या भावानेच. तो बसवर कंडक्टर होता. त्याने तिला शाळेत घातली, कॉलेजात घातली, आणि ती रुग्णालयाच्या खरेदी विभागात नोकरीला लागली तेव्हा बसमधल्या प्रत्येक उतारूला सांगितलं, ओळख असो नसो. तिने लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारणारे थकले आणि गप्प झाले. ती दादा-वहिनीजवळच राहिली, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

ऑफिसात मात्र तिला दुसरं नाव होतं. 'पोचलं का बाई'. कारण असं की तिने पत्र पाठवलं, की मागोमाग फोन. "पत्र पोचलं का? उघडलं का? दुसरं पान दिसतंय का?" ईमेल आल्यावर तरी ही सवय सुटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. उलट वाढली. ईमेल म्हणजे काय, हवेत सोडलेली वस्तू, कुठे जाऊन पडेल नेम नाही! त्यामुळे लोकांनी एक सोयीची रीत काढली. तिचा ईमेल कुणी उघडायचाच नाही. महत्त्वाचं असेल तर बाई फोन करतीलच, आणि फोनवर सगळं वाचूनही दाखवतील. बांधकाम विभागाचे इंजिनिअर साहेब तर उघड सांगायचे, "बाई, तुमचा मेल मी वाचत नाही, मी तुम्हालाच ऐकतो."

खरेदी विभाग म्हणजे तळमजल्यावर भांडाराच्या मागची एक लांबट खोली. एका भिंतीला फायलींची कपाटं, दुसऱ्या भिंतीला सलाइनच्या रिकाम्या खोक्यांची चळत, मध्ये तिचं टेबल. खिडकीतून जिना दिसायचा. जिना दिसायचा हेच वाईट होतं. कारण त्या जिन्यावरून आठवड्यातून तीनदा तिचा दादा खुर्चीत बसून वर जायचा, आणि ती खुर्ची चार माणसं उचलायची.

दादाची मूत्रपिंडं गेली होती. डायलिसिसचा कक्ष तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर का नाही, असं येणारा प्रत्येक जण विचारायचा. तर पाणी शुद्ध करायचं यंत्र, त्याच्या नळ्या, सगळं वरच बसवलेलं होतं, आणि ते हलवायला लिफ्टपेक्षा जास्त खर्च होता. जुनी लिफ्ट मोडीत काढलेली. नवीन बसवायला एका ठेकेदाराला काम दिलं होतं, तो अर्ध्यावर टाकून पळाला. तेव्हापासून जिन्याच्या मधोमध लिफ्टचा रिकामा शाफ्ट, दारांच्या जागी पत्रे ठोकलेले, आणि खाली खड्डा.

दादा खुर्चीत बसला की उचलणाऱ्यांना म्हणायचा, "चला, पुढे सरका, मागचे दार मोकळे करा!" वर पोचलं की, "शेवटचा स्टॉप, उतरून घ्या." उचलणारे हसायचे. अख्ख्या कक्षात तो 'कंडक्टर' म्हणून लाडका. ती खिडकीतून बघायची, आणि खुर्ची वळणाआड जाईपर्यंत तिच्या हातून एक ओळ टाइप व्हायची नाही.

तर आता लिफ्टची निविदा पुन्हा निघणार होती. अर्ज आले, छाननी झाली, पाच कंपन्या पात्र ठरल्या. पुढची पायरी म्हणजे या पाच जणांना निविदापूर्व बैठकीला बोलावायचं. काम काय आहे ते सांगायचं, जागा दाखवायची, त्यांच्या शंका घ्यायच्या, आणि मगच त्यांनी दर भरायचे. बोलावण्याचं पत्र करायचं काम तिचं. इंजिनिअर साहेब तिच्या टेबलासमोर बसून मजकूर सांगायला लागले.

"बुधवार लिहा. सकाळी नऊला जागेची पाहणी, अकराला सभागृहात बैठक. आणि प्रश्न सोमवारपर्यंत लेखी मागवा."

"सोमवार? म्हणजे पाहणीच्या आधीच?" तिने हात थांबवले. "साहेब, जागा बघितल्याशिवाय प्रश्न कसले सुचणार त्यांना?"

"तेच बरं ना. कटकट नाही."

"ऑडिटवाले विचारतील, साहेब."

ऑडिट हा शब्द त्या इमारतीत भुतासारखा होता. नाव घेतलं की माणसं मागे सरायची. साहेबांनी डोकं खाजवलं. "बरं, शुक्रवार करा. संध्याकाळी पाचपर्यंत. पण पाहणी नऊलाच. नऊ म्हणजे नऊ."

नऊच का, हे तिला माहीत होतं. साहेबांनाही माहीत होतं की तिला माहीत आहे. त्या खड्ड्यात पाणी होतं. जमिनीतून झिरपणारं, उपसलं तरी परत भरणारं. मागचा ठेकेदार पळाला तो त्या पाण्यामुळेच. त्याने दर भरला कोरड्या खड्ड्याचा, आणि खाली उतरला तर गुडघाभर पाणी. करारात कलम होतं, ठेकेदाराने जागा पाहून खात्री करून घेतली आहे असं धरलं जाईल. म्हणजे पाणी त्याच्या गळ्यात. त्याने थोडे दिवस रेटलं, मग एका सकाळी आपली अवजारं गोळा केली आणि निघून गेला. आणि आता साहेबांनी नळकामवाल्याकडचा मोठा पंप बुधवारी पहाटेपुरता सांगून ठेवला होता. पहाटे उपसायचं, नऊला खड्डा कोरडा ठणठणीत.

"साहेब, पाण्याचं पत्रात एक वाक्य घालू का?" तिने विचारलं.

"घाला की," साहेब म्हणाले. "मग पाणी अडवायचं काम त्यात धरावं लागेल. अंदाजपत्रक वाढेल. ते मंजुरीला परत वर जाईल. वर गेलेलं खाली कधी येतं, तुम्हाला माहितीये. तुमचे दादा तोवर चौघांच्या खांद्यावर. हवंय का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "अहो बाई, एकदा काम सुरू तर होऊ दे. मग पाणी निघालं, तर निघालं. तेव्हा बघू."

माणूस वाईट नव्हता तो. लिफ्ट त्यालाही हवी होती. त्याचा हिशेब एवढाच होता की सुरू झालेलं काम थांबत नाही. पण तिने तर थांबलेलं पाहिलं होतं, रोज खिडकीतून पाहत होती!

तिने पत्र केलं. बैठकीचा विषय, सभागृह कुठे, गाडी कुठे लावायची. कार्यक्रमपत्रिका: ओळख, कामाची व्याप्ती, तांत्रिक अटी, देयकांच्या अटी, शंकासमाधान. पाहणीसाठी मुख्य दारापाशी जमायचं, प्रत्येक कंपनीचे जास्तीत जास्त दोन प्रतिनिधी, कंपनीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र सोबत, पायात बंद बूट, रुग्णांचे फोटो काढायचे नाहीत. पाहणीला हजेरीची सही बंधनकारक. तोंडी उत्तर ग्राह्य नाही. शुक्रवारपर्यंत आलेल्या प्रत्येक लेखी प्रश्नाचं उत्तर, कुणी विचारलं ते न सांगता, पाचही जणांना जाईल आणि निविदेचा भाग होईल. पाचही कंपन्यांना वेगवेगळं पाठवलं, एकीला दुसरीचं नाव आधीच दिसायला नको म्हणून. मग अर्थातच पाच फोन. "पोचलं का? बंद बूट वाचलंत ना?"

शनिवारी सभागृह हातचं गेलं. शिकाऊ परिचारिकांची परीक्षा बुधवारी सकाळी तिथे लागली. सभागृह सांभाळणाऱ्याने हात वर केले, "तीननंतर घ्या, त्याआधी मी काही करू शकत नाही."

बैठक तीनला गेली तर पाहणीचं काय करायचं? नऊलाच ठेवता आली असती. पण मग पाच कंपन्यांची माणसं, त्यांतली दोन परगावची, नऊला खड्डा बघून तीनपर्यंत कुठे बसणार, रुग्णांच्या बाकांवर? सरळ होतं, पाहणी दोनला, बैठक तीनला. कुणीही असंच केलं असतं. तिने दुरुस्तीपत्र टाइप केलं. 'जागेची पाहणी दुपारी दोन वाजता' हे शब्द पडद्यावर उमटले आणि तिने ते पुन्हा वाचले. पहाटे उपसलेला खड्डा दोनपर्यंत पुन्हा भरलेला असणार.

खरेदी विभागाच्या मोठ्या साहेबांनी सही केली. त्यांना फक्त सभागृहाची अडचण सांगितली, आणि ती खरीच होती. पत्र पाच कंपन्यांना गेलं, एक प्रत ईमेलने बांधकाम विभागाला गेली. पाच फोन केले. पाचही जणांना पोचलं होतं.

सहावा फोन इंजिनिअर साहेबांचा.

तिने रिसीव्हर उचलला, आकडे फिरवायला बोट नेलं, आणि परत ठेवला. उठली, पाणी प्यायली. खोक्यांची चळत सारखी केली. पुन्हा उचलला. पलीकडे घंटी वाजायच्या आत ठेवला. तिच्या उभ्या नोकरीत असं झालं नव्हतं. पत्र पाठवून फोन न करणं म्हणजे तिच्यासाठी गॅस चालू ठेवून गावाला जाणं होतं. आणि फोन केला नाही तर साहेबांना कळणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. नियमाने बोट ठेवायला जागा नव्हती. प्रत गेली होती. पण मन काही नियमाला विचारून खात नाही!

घरी वहिनी म्हणाली, "काय झालंय? आज गॅसचं विचारलं नाहीत ते?"

"काही नाही," ती म्हणाली.

दादा अंथरुणावर पडल्या पडल्या बोलला, "भिंगरी थांबली म्हणजे काहीतरी अडकलंय. सांग, कुठला प्रवासी विनातिकीट बसलाय?"

ती हसली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. रविवार, सोमवार, मंगळवार तिने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. दर तासाला वाटायचं, करून टाकावा फोन. कोरडा दिसू दे खड्डा, भरू दे दर, सुरू होऊ दे काम. चढू दे दादाला एकदाचं त्या लिफ्टमधून. मग खिडकीतून तो पत्रा दिसायचा, घरी असली तर आठवायचा, आणि हात मागे यायचा.

बुधवारी नऊला इंजिनिअर साहेब पिवळी टोपी घालून जिन्यापाशी हजर. खड्डा कोरडा होता. पंप परत गेला होता. माणूस एकही नव्हता.

ते तिच्या खोलीत आले. "कुठेयत सगळे?"

"वेळ बदललीय, साहेब. दोनला पाहणी, तीनला बैठक. सभागृह मिळालं नाही. शनिवारी प्रत पाठवलीय."

साहेबांनी पिवळी टोपी काढली. मग हळू म्हणाले, "फोन नाही केलात."

"नाही केला."

बस, एवढंच. साहेबांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी तिथेच उभं राहून नळकामवाल्याला फोन लावला. पंप शहराच्या दुसऱ्या टोकाला एका तळघरात लावलेला, संध्याकाळशिवाय सुटत नव्हता. त्यांनी दुसरा पंप शोधला. अग्निशमनवाल्यांना विचारलं. बागेच्या माळ्याकडचा छोटा पंप आणवला, तो घरघर करून गप्प बसला. बारा वाजता तिने जिन्यापाशी जाऊन पत्र्याच्या फटीतून डोकावलं. तळाशी काळं, चकचकीत काहीतरी हलत होतं. साहेब मागे उभे होते. तिला वाटलं, ओरडतील तर बरं होईल.

दोनला पाच कंपन्यांची माणसं मुख्य दारापाशी जमली. सगळ्यांच्या पायांत बंद बूट. तिने अधिकारपत्रं बघितली, सह्या घेतल्या, आणि सगळ्यांना शाफ्टपाशी नेलं. एका कामगाराने पत्रा बाजूला केला. टॉर्च खाली गेला. पाणी पिंढरीला लागेल इतकं चढलं होतं.

आता गंमत बघा. निविदापूर्व बैठकीत प्रश्न कुणी विचारत नसतं. या धंद्यातला प्रत्येक जण हे जाणतो. चांगला प्रश्न विचारला तर शेजारी बसलेला प्रतिस्पर्धी शहाणा होतो. म्हणून सगळे वहीत रेघोट्या मारतात, चहा पितात, आणि बाहेर पडताना कुणाला तरी कोपऱ्यात गाठून हळूच विचारतात. पण पाणी काही एकाला दिसलं आणि दुसऱ्याला नाही असं नव्हतं. पाच टॉर्च त्याच पाण्यावर पडले होते.

पांढऱ्या मिशांचे एक जुने ठेकेदार आधी बोलले. "हे रोजचं आहे का आजच?"

इंजिनिअर साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती गप्प राहिली. पाहणीच्या जागी उत्तर द्यायचा अधिकार तिचा नव्हताच.

"रोजचं," साहेब म्हणाले. त्यांनी खोटं सांगितलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवायलाच हवं.

"मग हे अडवायचं काम कुणाचं?" एका कंपनीची उंच मुलगी होती, तिने खाली वाकून भिंतीचा ओला भाग टॉर्चने दाखवला. "आमचं, की तुमचं? आमचं असेल तर दर वेगळा, आणि वेळही वेगळी."

"हे लेखी द्या," तिने त्या मुलीला सांगितलं. "शुक्रवारी पाचपर्यंत. उत्तर सगळ्यांना मिळेल."

"देतो की," मिशीवाले म्हणाले. "पण मॅडम, मी तुम्हाला आत्ताच सांगतो. हे अंदाजपत्रक टिकत नाही. वरून मंजुरी, मग पाण्याचं काम, मग लिफ्ट. वर्ष तरी गेलं समजा."

आणि नेमकं तेव्हाच जिन्याच्या पहिल्या वळणावर खुर्ची टेकली. दुपारच्या पाळीचा डायलिसिस. चार माणसं दम खात उभी होती, आणि खुर्चीत दादा बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. वाकून त्याने उघड्या शाफ्टकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. 'पुढे सरका' म्हणाला नाही. उचलणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खुर्ची पुन्हा उचलली.

तिला धावत वर जावंसं वाटलं. पण पाच कंपन्या समोर होत्या, तीनला बैठक होती. तिने पत्रा लावून घ्यायला सांगितलं आणि सगळ्यांना सभागृहाकडे नेलं. तिथे कधी नव्हे ते प्रश्नांचा पाऊस पडला. झिरपणं कुठून आहे, माती तपासलीय का, मागचं अर्धवट काम तसंच वापरायचं की तोडायचं. लपवायला काही उरलंच नव्हतं, मग कोण कशाला गप्प बसेल? ती टिपून घेत राहिली, आणि प्रत्येक वेळी सांगत राहिली की लेखी द्या. शुक्रवारी पाचच्या आत पाचही कंपन्यांचे प्रश्न आले.

उत्तरं साहेबांनीच द्यायची होती. ते तिच्या टेबलासमोर येऊन बसले, पहिल्यासारखेच. पाणी अडवण्याचं काम निविदेत वेगळी बाब म्हणून धरलं, दर भरायची मुदत पुढे ढकलली, नवं अंदाजपत्रक वर गेलं. शेवटचं पान वाचून झाल्यावर साहेब उठले.

"पाचातल्या एकानेही माघार घेतली नाही," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, पळतील."

"हो."

"पण बाई, तुम्ही फोन केला नाहीत ते मी विसरणार नाही." रागाने म्हणाले का आणखी कशाने, तिला कळलं नाही. त्या दिवसापासून ते तिचे ईमेल मात्र उघडायला लागले.

वर गेलेले कागद वरच राहिले. साहेबांनी सांगितलं होतं तसंच, मिशीवाल्यांनी सांगितलं होतं तसंच. ती विचारणा करायची, वरून 'विचाराधीन' यायचं. आणि दादा तिच्याशी बोलत नव्हता. म्हणजे बोलायचा, मीठ दे, पंखा लाव, एवढं. भिंगरी म्हणत नव्हता. जिन्यावरून जातानाही गप्प. उचलणारे तिला विचारायचे, कंडक्टरचं काय बिनसलंय? ती काय सांगणार? घरात वहिनी दोघांच्या मधे जेवण वाढायची आणि दोघांनाही रागवायची. "दोन घोडे आणि मधे मी," म्हणायची.

शेवटी तिला राहवेना. एका दुपारी तिने अर्धी रजा टाकली आणि तिसऱ्या मजल्यावर गेली. कक्षात यंत्रं एका लयीत आवाज करत होती. दादाच्या दंडातून नळ्या निघाल्या होत्या, डोळे मिटलेले होते. ती शेजारच्या स्टुलावर बसली, उठली, पांघरूण सारखं केलं, परत बसली.

"बस की नीट," दादा डोळे न उघडता म्हणाला.

"दादा, मी मुद्दाम केलं ते." एका दमात म्हणाली. "फोन केला असता तर खड्डा कोरडा राहिला असता. काम सुरू झालं असतं. पण पुन्हा अर्धवट राहिलं असतं रे, मी पाहिलंय, तो मागचा ठेकेदार बुडाला त्यात, आणि तुझी लिफ्ट तेव्हाही नव्हती, आताही..."

"माहितीये मला."

"मग बोलत का नाहीस माझ्याशी?"

दादाने डोळे उघडले. "पाच कंपन्यांना पत्र पाठवलंस. प्रत्येकाला विचारलंस, शंका आहे का, अडचण आहे का, शुक्रवारपर्यंत कळवा. बूट कुठले घालायचे तेही सांगितलंस. परक्या माणसांना!" तो थांबला. श्वास घेतला. "आणि ज्याला त्या खुर्चीत बसायचंय, त्याला विचारलंस का?"

तिने पांघरुणाचं टोक पुन्हा सारखं केलं.

"विचारलं असतंस ना, तर मी काय म्हटलं असतं? हेच म्हटलं असतं, दाखव पाणी. मी काय कुणाला फसवून वर चढणार होतो? पण विचारलं नाहीस. माझं वर्ष होतं ते, आणि तू परस्पर देऊन टाकलंस. माझ्याकडे किती वर्षं आहेत, तुला तरी माहितीये का?"

ती रडली. स्टुलावर बसून, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. परिचारिका बघायला लागली, दादाने मोकळ्या हाताने तिला खूण केली, असू दे.

"चुकले," ती म्हणाली.

"चुकलीसच."

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि स्टूल पुढे ओढलं.

"आता विचारू?"

"काय विचारणार आता?"

तिलाही पटकन सुचेना. दर खेपेला खिडकीतून बघितलं होतं, दर खेपेला एक ओळ टाइप करायची राहून गेली होती. पण त्या खुर्चीत बसल्यावर काय वाटतं, हे तिने कधी म्हणजे कधीच विचारलं नव्हतं. तो हसवत होता, म्हणून सगळं ठीक आहे असं ती धरून चालली होती.

"जिना चढताना," ती म्हणाली, "फार त्रास होतो का रे?"

दादाने छताकडे नजर वळवली.

"चढताना नाही," तो म्हणाला. "उतरताना. उतरताना खाली दिसतं सगळं. मला दर वेळी वाटतं, हे चौघं मला सोडणार."